सुनेला दाखवलेलं पाणी

मंगळवारी दुपारी तीन वाजता मला वाटलं, आमची लिंबाची बाग मी मारली. पाच वाजेपर्यंत कळलं, मी नाही मारली. तरी बरं वाटलं नाही. खून कुणी केला हे कळल्यावर मढं काही उठून बसत नाही.

मी माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. अकरा वर्षं झाली. लोक बाटलीत पाणी आणतात, पिशवीत माती आणतात, मी त्यात काय आहे ते काढते आणि सांगते की यावर काय जगेल, काय मरेल. आकडा चांगला आला तर जमीन त्यांची भाग्याची, वाईट आला तर प्रयोगशाळा भिकार. त्याची सवय आहे. घरच्यांचं पाणी तपासायची सवय नव्हती.

सहा वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं, त्याच महिन्यात माझे होणारे सासरे पाण्याचा कॅन घेऊन आमच्या काउंटरवर आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. कॅन घासूनपुसून लख्ख, झाकणाखाली नवं प्लास्टिक. नवी खोल विहीर घेतलीय, म्हणाले, लिंबू लावायचंय, तूच बघ, घरचंच काम आहे. मी बघितलं. बायकार्बोनेट बेताचं, कॅल्शियम त्याहून जास्त, बोरॉन लिटरला शून्य पूर्णांक दोन मिलिग्रॅम. लिंबाला बोरॉन पाऊण मिलिग्रॅमच्या वर गेला की त्रास सुरू होतो, इथे तर जवळपास नव्हताच. मी खुशीत कागद लिहून दिला: लिंबासाठी योग्य. सासरच्यांना दिलेला तो माझा पहिला आहेर.

चार एकरांत चारशे चाळीस झाडं लागली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती गुडघ्याएवढी होती.

तिसऱ्या वर्षी कोवळी पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, म्हणजे झाडाला लोह मिळत नव्हतं. ठिबकच्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या चुन्याने बुजायची. नवरा दर महिन्याला सौम्य ॲसिड सोडून नळ्या धुवायचा. ही सगळी बायकार्बोनेटची लक्षणं. ते जमिनीतल्या कॅल्शियमला धरून त्याचा चुना करतं, मागे सोडियम राहतो, माती दगडासारखी घट्ट होते आणि मुळांना लोह असून मिळत नाही. मला हे दिसत होतं, पण माझाच कागद भिंतीवर लावलेला होता. पुन्हा पाणी तपासू या म्हटलं की नाना म्हणायचे, विहीर तीच, तपासणारी तूच, मग परत काय तपासायचं, तुला तुझाच भरवसा नाही का? आणि मी गप्प बसायचे. खरं सांगते, मला माझा भरवसा होता. तेच नडलं. माझा आकडा चुकू शकतो हे मानायला जीभ वळत नव्हती, म्हणून मी खत बदललं, फवारे मारले, नांगरट बदलली, पाणी सोडून सगळ्यावर संशय घेतला.

पाचव्या वर्षी जुन्या पानांची टोकं जळायला लागली. आधी टोक पिवळं, मग कडा तपकिरी, मग पान गळून खाली. कोवळी पानं ठीक आणि जुनी जळकी, हे बोरॉनचं काम. झाड पाणी ओढतं, पाणी पानाच्या टोकातून उडून जातं, बोरॉन मागे राहून तिथेच साठतो. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. झाडाला तो चिमूटभर लागतोच, पण चिमटीची मूठ झाली की विष. झाड लगेच मरत नाही. वर्षानुवर्षं मरतं, आणि तोवर शेजारी येऊन सांगतात की पाणी कमी पडतंय, अजून सोडा. आणि आपण सोडतो.

नाना आल्यागेल्याला बाग दाखवताना म्हणायचे, आमच्या सूनबाईंनी कागद दिला म्हणून लावली, आता बघा. हसत म्हणायचे. त्या हसण्यावर मी रोज जेवले.

या वर्षी त्यांनी अजून सहा एकरांसाठी सहाशेसाठ रोपं सांगितली. बाग जळतेय ते देखभालीत कमी पडलं म्हणून, असं त्यांचं म्हणणं. आणि कमी पडलेली कोण, ते उघड होतं. पाच शेजाऱ्यांनीही रोपं सांगितली, कारण त्यांच्याही विहिरी आमच्याच खोल थरातल्या आणि भिंतीवरचा कागद सगळ्यांनी वाचलेला. रोपांच्या पिशव्या आमच्या अंगणात उतरल्या. लागवड गुरुवारी.

त्याआधीच्या आठवड्यात मी जळकी पानं पिशवीत घालून नेली होती. वाळल्या पानांच्या किलोमागे बोरॉन तीनशे चाळीस मिलिग्रॅम निघाला. शंभरापर्यंत असेल तर झाड सुखी. शंभराच्या तिप्पटीहून जास्त बोरॉन हवेतून पडत नाही.

म्हणून सोमवारी सकाळी नाना आणि नवरा लिंबं भरायच्या पेट्या आणायला गेले तेव्हा मी एकटी विहिरीवर गेले. मोटर अर्धा तास चालू ठेवली. नळीत रात्रभर साचलेलं पाणी तपासण्यात अर्थ नसतो, विहिरीचं ताजं पाणी यावं लागतं. प्लास्टिकची बाटली तीनदा त्याच पाण्याने खळबळली. काचेची नाही, प्रयोगशाळेच्या काचेत बोरॉन असतो, तो पाण्यात उतरतो. बाटली काठोकाठ भरून झाकण दाबून लावलं. वर हवा राहिली तर पाण्यातला वायू निसटतो आणि बायकार्बोनेट, कॅल्शियम दोन्ही खरे कळत नाहीत. हे मी अकरा वर्षं लोकांना सांगते. स्वतःच्या विहिरीवर पहिल्यांदा केलं.

मंगळवारी ब्युरेटच्या मापाच्या नळीतून थेंब थेंब ॲसिड सोडत बसले. रंगाचा थेंब घातलेलं पाणी पिवळ्याचं नारिंगी होतं तिथे थांबायचं असतं. ते काही केल्या नारिंगी होईना. मला वाटलं, ॲसिडच पातळ झालंय. नवं केलं, परत सुरुवात. तेच. बायकार्बोनेट नऊ पूर्णांक दोन. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून तीन पूर्णांक एक. वजा जाऊन उरलेलं बायकार्बोनेट सहाच्या वर. अडीचच्या वर गेलं की आम्ही कागदावर 'अयोग्य' लिहितो. मग बोरॉन. त्यात रसायन घालून अर्धा तास ठेवलं की जितका बोरॉन तितका गडद पिवळा रंग येतो. यंत्रात घालायची गरज नव्हती. डोळ्याला दिसत होता. यंत्राने दोन पूर्णांक तीन सांगितलं.

तीन वाजले होते. सहा वर्षांपूर्वी मी शून्य पूर्णांक दोन लिहिलं होतं.

पहिला विचार आला की मी चुकले. दुसरा आला की पाणी बदललं असेल, बदलतं कधीकधी. मी जुनं रजिस्टर काढलं. माझ्याच अक्षरातली ती ओळ वाचताना वाटलं की हे आकडे मी अजून कुठे तरी बघितलेत. मागे पानं उलटली. नऊ दिवस आधीची नोंद होती, आमच्याच गावातल्या ओढ्याकाठच्या काकांच्या उथळ विहिरीची. क्षारता, क्लोराइड, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बोरॉन, सगळं तेच. एखादा आकडा जुळतो. सात आकडे जुळत नाहीत. पाण्याला बोटांचे ठसे असतात, आणि हे ठसे आमच्या विहिरीचे नव्हते.

मॅडमना दाखवलं. त्या आमच्या प्रमुख. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या की पावतीवर छापलेलंच आहे, नमुना आणणाऱ्याच्या जबाबदारीवर तपासला जातो, तेव्हा आपण सुटलो. आपण म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. त्यांना त्या बागेतून चालत घरी जायचं नव्हतं.

नवरा पेट्यांच्या शेडमध्ये लिंबं निवडत होता. लहान एका बाजूला, डागाळलेली दुसऱ्या बाजूला. मी रजिस्टरच्या दोन पानांचा फोटो त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, कॅन कुठे भरला होता. त्याने फोटोकडे बघितलंच नाही. हातातलं लिंबू डागाळलेल्यांत टाकलं. मग म्हणाला, "मोटारसायकल मी चालवत होतो. नाना म्हणाले, काकांच्या विहिरीवर थांब."

"आणि तू थांबलास."

"लग्न ठरलं होतं गं. आपलं पाणी हाताला जरा बुळबुळीत लागायचं. तुझ्या हातात जाणार, तुझ्या ऑफिसात सगळे बघणार. वाटलं, काय म्हणशील."

"लग्न मी तुझ्याशी करत होते का पाण्याशी?"

तो हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. मी विचारलं की गेली तीन वर्षं मी त्या झाडांखाली बसून रडायचे, तेव्हा काय वाटायचं. म्हणाला, सांगावंसं वाटायचं. पण सांगितलं असतं तर नाना वाईट ठरले असते. मी वाईट ठरत होते, त्याचं काही नाही. सून वाईट ठरली तर घराला तडा जात नाही, ती तर आलेलीच असते बाहेरून.

मग त्याने तो प्रश्न विचारला जो काउंटरवर प्रत्येक जण विचारतो. काही करता येईल का? जिप्सम?

मी सांगितलं, कारण सांगणं माझं काम आहे. हजार लिटर पाण्यामागे चारशे ग्रॅम जिप्सम विरघळवलं तर बायकार्बोनेटचं भागेल. कॅल्शियम बाहेरून मिळालं की जमिनीतलं वाचतं, माती परत मोकळी होते. ॲसिड मोजून सोडलं तरी चालेल, तेही ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नाही. पानं हिरवी होतील. नाना म्हणतील, बघा, सुधारली. आणि टोकं जळतच राहतील, कारण बोरॉनला जिप्सम काही करत नाही, ॲसिड काही करत नाही, उकळलंस तरी तो तिथेच. साधे क्षार धुवायला जितकं पाणी लागतं त्याच्या तिप्पट बोरॉन धुवायला लागतं, आणि आपण धुणार कशाने, त्याच बोरॉनच्या पाण्याने? काकांचं पाणी मिसळायचं तर चार बादल्यांत तीन त्यांच्या हव्यात. त्यांची विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते.

"म्हणजे बाग गेली," तो म्हणाला.

"बाग लावली त्या दिवशीच गेली. आपण फक्त सहा वर्षं तिला पाणी पाजलं."

नाना ओट्यावर छाटणीच्या कात्रीला धार लावत होते. मी उभी राहिले तरी दगडावरचा हात थांबला नाही. मला वाटलं होतं नाकबूल करतील, माझ्यावर ओरडतील. त्यांनी तसं काही केलं नाही. लाज वाटलेल्या माणसाशी भांडता येतं. नानांना लाज वाटत नव्हती.

"पेटीत वरचा थर आपण चांगलाच लावतो ना?" ते म्हणाले. "खाली कुजकं घालत नाही, पण वर चांगलं. आम्ही तुझ्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा तुझ्या आईने तुझा चष्मा काढून ठेवला होता. चहाचा कप तू टेबलाच्या कडेला ठेवलास आणि तो पडला. मी काही बोललो?"

मी म्हटलं, माझ्या चष्म्यावर कुणी चारशे चाळीस झाडं लावली नव्हती.

त्यांनी कात्री अंगठ्यावर घासून बघितली आणि शांतपणे मार्ग काढला. नवा कागद लिही, म्हणाले. लिही की पाणी अलीकडे बिघडलं. बिघडतं की नाही सहा वर्षांत? तुझा जुना आकडा खरा, नवाही खरा. तुझं नाव राहतं, माझं राहतं, सहाशेसाठ रोपं परत पाठवू. कुणाचं काय जातं?

नवरा दारात उभा होता. तोही म्हणाला, हळूच, "खरंच, कुणाचं काय जातं?"

मोह झाला. झाला नाही म्हणणारी मी खोटी. तीन वर्षं ज्या आकड्यापायी मान खाली घातली, तो आकडा एका ओळीत धुऊन निघत होता. मी खोलीत जाऊन कोरा कागद काढला, तारीखसुद्धा घातली. मग हिशेब केला, माझ्या सवयीचा. आमचं पाणी अलीकडे बिघडलं असं लिहिलं तर पाच शेजारी काय समजतील? की खोल थरातलं पाणी मुळात चांगलंच, फक्त नानांच्या विहिरीला काही तरी झालं. बिचारे नाना. आणि ते आपापली रोपं उचलून नेतील आणि लावतील. सहा वर्षांनी पाच अंगणांत पाच माणसं माझ्याच कागदाकडे बोट दाखवतील. कुणाचं काय जातं म्हणे. ज्यांचं जातं ते त्या वेळी ओट्यावर नसतात, एवढंच.

मी कागद फाडला.

गुरुवारी सकाळी शेजारी टेम्पो घेऊन आले. अंगणात रोपांच्या पिशव्यांच्या रांगा, ताजी माती, सगळे खुशीत. नानांनी रोपांची स्तुती सुरू केली होती. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. आवाज चढवला नाही. भिंतीवरचा कागद ओढ्याकाठच्या काकांच्या पाण्याचा आहे, आपल्या कुणाच्याच खोल विहिरीचा नाही. आमचं खरं पाणी परवा तपासलं. बोरॉन दोन पूर्णांक तीन. लिंबू, संत्रं, द्राक्ष, यातलं काहीच टिकणार नाही. बीट येईल, कापूस येईल, गुरांचा लसूणघास येईल, तीही जिप्समची जोड दिली तर. बाग बघा, पटत नसेल तर.

काका तिथेच होते. पहिल्यांदा त्यांनाच कळलं. ते म्हणाले, अरे नाना, मागितलं असतंस तर टँकर दिला असता, कॅन कशाला चोरलास. एक-दोघे हसले. नाना हसले नाहीत. ते माझ्याकडेही बघत नव्हते, आपल्या मुलाकडे बघत होते, आणि मुलगा जमिनीकडे.

आभार कुणी मानले असं समजू नका. एकजण म्हणाला, बाई, घरातलं भांडण आमच्या रोपांवर का काढता? दुसरा म्हणाला, आधी एक कागद दिलात, आता दुसरा, उद्या तिसरा द्याल. तिसऱ्याने आपली दोनशे रोपं टेम्पोत चढवली आणि त्याच दिवशी लावली. मी म्हटलं होतं की पाणी आणा, फुकट तपासते. दोघांनी बाटल्या आणल्या. एका बाटलीत बोरॉन शून्य पूर्णांक दोन निघाला आणि बाकीचे सहा आकडेही काकांच्या विहिरीचेच. मी बाटली परत केली, त्याच्या शेतावर गेले, अर्धा तास मोटर चालवली आणि स्वतः भरून आणली. एक पूर्णांक नऊ. त्याने महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं, पण रोपं परत पाठवली.

आमचीही गेली. उभी बाग काढायला मशीन आलं त्या दिवशी नाना घरात बसून राहिले. मशीनवाल्याने विचारलं की कुठून सुरुवात करू. मी वाटेकडची ओळ दाखवली. मुळांना चिकटून आलेली माती विटेसारखी होती, हातोडीने फोडावी लागली. ती तपासली, सामू, म्हणजे पीएच, पावणेनऊ. त्यावर जिप्समचा हिशेब काढला, पसरलं, मिसळलं, पावसाच्या पाण्याने धुऊ दिलं. पाण्याच्या हौदातही जिप्समच्या पिशव्या बुडवून ठेवल्या. वर्षभराने माती हातात मोकळी फुटायला लागली. मग लसूणघास पेरला. टोकं जळली नाहीत.

नाना आता लोकांना घास दाखवतात आणि सांगतात की पीक बदलायचं माझ्या डोक्यात आधीपासूनच होतं. गुरांचे मालक मान डोलावतात. मी तिथून जात असले तरी टोकत नाही. म्हाताऱ्याने आयुष्यभर वरचा थर लावला, आता पेटी उपसून काय मिळणार.

नवऱ्याला मात्र ती सूट नाही. तो रोज विचारतो की जिप्सम किती, पाणी किती, कापणी कधी. मी मोजून सांगते, बरोबर सांगते. दुसरं काही विचारलं की मला ऐकू येत नाही.